हिरवा की क्रीम? आधी दिवा लावून बघा

प्रश्न : मी शहापूर, बेळगाव इथं राहतो. दोन वर्षांपूर्वी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. घर आजोबांच्या काळातलं, कौलारू. सोप्यामागची ९ बाय ७ फुटांची खोली मी वाचनासाठी घेतली आहे. वडिलांची दोन सागवानी कपाटं, एक आरामखुर्ची, वर लाकडी तक्तपोशी, खाली तांबडा कोबा. उत्तरेला एक खिडकी, तिच्याबाहेर फणस. भिंतींना पिवळट ऑइल पेंट आहे, तो खालच्या बाजूनं सुटतोय. पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री जेवणानंतर दहापर्यंत वाचायची सवय, पण हल्ली अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात आणि उठावंसं वाटतं. रंग बदलला तर बसवेल असं वाटतं. बेंगळुरूचा मुलगा गडद बॉटल ग्रीनचे फोटो पाठवतो, सौ. म्हणते पांढरा, पेंटर म्हणतो, ‘क्रीमच मारूया की सर, सगळे तेच मारतात.’ पिस्ता रंगाचा नमुना खुर्चीमागे लावून पाहिला, तर तो शेवाळल्यासारखा मळकट दिसला. दिवाळीपूर्वी काम उरकायचं आहे. लांब, शांत वाचनाला कोणता रंग घ्यावा?

उत्तर :

गुरुजी, तुमच्या पत्रात रंगांची चार नावं आहेत आणि वाचनाच्या दोन वेळा आहेत. मी आधी वेळांकडे पाहिलं. पहाटे साडेपाचला आपल्याकडे अंधारच असतो आणि रात्री तर प्रश्नच नाही. म्हणजे या खोलीत तुम्ही वाचता तो बहुतेक वेळ दिव्याच्या उजेडात जातो. घरातली सगळी चर्चा मात्र दिवसाउजेडी झालेली दिसते. पेंटर दुपारी आला असेल, मुलाच्या फोटोंत मोठ्या खिडकीतून ऊन येत असेल, पिस्ताचा नमुनाही तुम्ही सकाळीच पाहिला असेल. तुम्ही ज्या वेळी खुर्चीत बसता, त्या वेळी यातला एकही रंग कुणी पाहिलेला नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण छताखाली पांढरीफेक ट्यूब असणार असं धरून चालते. बेळगावातल्या दहातल्या नऊ घरांत तीच असते. त्या उजेडाचा आकडा ६५०० केल्विन, म्हणजे ढगाळ दुपारच्या आभाळासारखा निळसर. शिवाय तुमची भिंत ऑइल पेंटची, म्हणजे चकचकीत. आज रात्री नेहमीच्या जागी बसा, पुस्तक उघडा आणि मान न हलवता फक्त डोळे वर करा. समोरच्या भिंतीवर ट्यूबची लांब पांढरी रेघ चमकताना दिसली, तर डोळ्यांच्या चुरचुरीचं अर्धं कारण तरी सापडलं. दर पानाला नजर वर जाते, त्या रेघेला टेकते आणि परत येते. कपाटांना काच असेल तर तिथंही तेच. अशा भिंतीला बॉटल ग्रीनचा चकचकीत हात दिला, तर रेघ आणखी ठळक होईल, कारण काळपट पाण्यात चांदणं जास्त उठून दिसतं.

एक गोष्ट लगेच सांगून टाकते. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? मोतीबिंदू उतरायला लागला की दिव्याची तिरीप सोसत नाही आणि पांढरं पान थोडं पिवळट दिसायला लागतं. रंगाला दोष देण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा.

आता दिवा. ट्यूब राहू दे, पण ती झाडलोटीसाठी. वाचायला खुर्चीच्या मागे, डाव्या खांद्याच्या थोडा वर, टोपी असलेला एक दिवा हवा. डावखुरे असाल तर उजव्या खांद्यावर. बल्ब ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, ८ ते ९ वॅटचा एलईडी. खोक्यावर ‘सीआरआय’ नावाचा आकडा असतो. तो ९० किंवा वर असेल तर रंग खरे दिसतात. ८० च्या आसपासच्या स्वस्त बल्बात लाल-तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात, आणि तुमच्या खोलीत सागवान आणि कोबा मिळून नेमके तेच रंग जास्त आहेत. आधी हा बल्ब आणा. तो जागेवर लागल्याशिवाय रंगाच्या दुकानात पाऊल टाकू नका.

मी हे उलट क्रमानं केलं होतं. अनगोळच्या घरात वाचायच्या कोपऱ्यासाठी दुकानातल्या ट्यूबखाली बसून कार्डावरचा एक राखी निळा रंग निवडला. बोटाच्या पेराएवढा तुकडा फारच सोज्वळ दिसत होता. भिंतभर झाला तेव्हा दुप्पट भडक वाटला, आणि रात्री घरातल्या पिवळ्या बल्बाखाली निळा जाऊन ओल्या सिमेंटचा रंग उरला. दोन्ही गोष्टी मला आधी माहीत असायला हव्या होत्या. मोठ्या पृष्ठभागावर रंग कार्डापेक्षा ठसठशीत दिसतो. आणि पिवळसर उजेडात निळसर रंग दबतात, पिवळे-तांबडे फुलतात. लहानपणी आमच्या शेजारी वडगावात माग होता. तिथली आजी सुताचा रंग जुळवायचा असला की लडी दारात नेऊन बघायची आणि मग परत दिव्याखाली धरायची. तिच्याकडे बघून मी काही शिकले नाही, एवढंच.

यातून तुमच्या पेंटरच्या क्रीमचंही उत्तर मिळतं. क्रीम दिवसा बरा दिसतो. पिवळसर बल्बाखाली आणि तांबड्या कोब्यावर तो हळदीच्या दुधासारखा होतो. तो रंग वाईट आहे असं नाही, पण तुम्हाला आता जे पिवळट दिसतंय त्याचीच ती पुढची आवृत्ती असेल.

आता मुलाचा गडद हिरवा. त्याला नुसतं ‘नको’ म्हणणं सोपं आहे, पण तो का नको ते आकड्यांनी पाहू, म्हणजे त्यालाही पटेल. रंगाच्या कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक छटेपुढे एक एलआरव्ही आकडा देतात. पडलेल्या उजेडातला किती टक्के भाग भिंत परत फेकते, ते तो सांगतो. शुद्ध काळा शून्याजवळ, चांगला पांढरा ८५ च्या आसपास, क्रीम साधारण ७५, बॉटल ग्रीन ८ च्या आसपास. पुस्तकाचं पान साधारण ७५.

समजा तुमच्या पानावर खांद्यावरच्या दिव्याचा ४०० लक्स उजेड पडतोय. वाचायला ३०० ते ५०० लक्स पुरेसे असतात. त्याच दिव्याचा सांडलेला उजेड समोरच्या भिंतीवर ८० लक्स पोचतोय असं धरा. पान परत फेकतं ४०० चे ७५ टक्के, म्हणजे ३००. क्रीम भिंत परत फेकते ८० चे ७५ टक्के, म्हणजे ६०. पान भिंतीच्या पाचपट उजळ. भिंतीचा आकडा ५० असेल तर ती ४० परत फेकते, पान साडेसातपट उजळ. बॉटल ग्रीन फक्त सहा-साडेसहा परत फेकतो, तिथं पान ४७ पट उजळ. प्रकाशयोजनेत जुना अंगठ्याचा नियम असा की नजरेच्या टप्प्यातली लांबची भिंत पानापेक्षा दहापटीहून जास्त अंधारी नसावी. त्यापुढे गेलं की दर वेळी वर बघताना डोळ्याची बाहुली फैलावते आणि पानावर येताना आकसते. तासाभरात त्या कसरतीचाच थकवा येतो.

या हिशेबातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. क्रीमपासून ५० पर्यंत खाली येताना डोळ्याला फारसं काही सोसावं लागत नाही, पाच आणि साडेसातमध्ये फरक तो किती! म्हणजे पांढरा आणि क्रीम सोडून तुम्हाला मोकळं रान आहे. पण ४० च्या खाली उतरलात की फरक झपाट्यानं वाढतो. म्हणून तुमच्यासारख्या एका दिव्याच्या खोलीत, नजरेसमोरच्या भिंतीला मी ४० ही लक्ष्मणरेषा मानेन.

मग मुलाच्या फोटोंतल्या खोल्या चुकीच्या का? नाहीत. त्यांत छत पांढरं असतं आणि नीट मोजलंत तर तीन-चार दिवे सापडतात. गडद भिंतीवरच एखादा दिवा रोखलेला असतो. भिंतीवर ८० ऐवजी २०० लक्स पडले, तर २० आकड्याची भिंतही ४० परत फेकते आणि हिशेब पुन्हा साडेसातवर येतो. ज्या वाचकांना गडदच हवा आहे त्यांच्यासाठी तोच मार्ग. समोरच्या भिंतीवर स्वतंत्र दिवा टाका आणि २० च्या खाली जाऊ नका. तुमच्या खोलीत मात्र तक्तपोशी वर्षानुवर्षांच्या धुरानं काळवंडलेली असणार, ती काहीच उजेड परत देत नाही. दोन सागवानी कपाटांनी एक अख्खी भिंत आधीच गडद केली आहे. गडद भिंतीचा कौल तुमच्या वडिलांनीच देऊन ठेवलाय म्हणा ना, तपकिरी रंगात. उरलेल्या भिंतींनी आता उजेडाचं काम करायला हवं. तक्तपोशीला रंग मात्र देऊ नका. एकदा ऑइल पेंट लागला की ते लाकूड परत मिळत नाही.

पुस्तकांच्या पाठी हाही रंगच असतो, आणि तो फार गोंधळी असतो. मराठी पुस्तकांचे कणे लाल, जांभळे, पोपटी, निळे, सगळे एका रांगेत. म्हणून भिंतीचा रंग बोलका नको, थोडी राख मिसळल्यासारखा दबलेला हवा. कपाटाच्या उघड्या दारासमोर उभं राहून नमुना धरला की हे लगेच कळतं. भिंत पुस्तकांशी बोलायला लागली तर तो रंग बाद.

आता तुमचा मळकट पिस्ता. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तुम्ही तो खुर्चीमागे लावला, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. तांबड्या कोब्यावर पडलेला उजेड तांबूस होऊन वर उसळतो आणि भिंतीच्या खालच्या भागावर पडतो. तांबडा आणि हिरवा एकमेकांना खातात, उरतो मातकट राखी. हाच नमुना सहा फुटांवर लावला असता तर स्वच्छ दिसला असता. करून बघायचं असेल तर कोब्यावर पांढरी चादर अंथरा आणि त्याच नमुन्याकडे पुन्हा पाहा. जुन्या पिवळ्या रंगाचाही त्यात हात आहे. पिवळ्याच्या शेजारी कुठलाही फिका हिरवा थोडा थंड आणि आजारी दिसतो.

कोबा फोडू नका, फरशी लावू नका, असं मी हात जोडून सांगते. दोन गोष्टी पुरेत. वाचायच्या जागेखाली फिक्या रंगाची सुती सतरंजी अंथरा, म्हणजे उसळी अर्धी होईल. आणि हिरवाच हवा असेल तर पिस्त्यासारखा निळसर-पांढुरका न घेता पिवळ्याकडे झुकलेला, वाळलेल्या वेलदोड्याच्या सालीसारखा घ्या. तांबूस उजेड त्याला मळवत नाही, फक्त थोडा उबदार करतो. सागवानाशी त्याचं जमतं, आणि ३००० केल्विनच्या बल्बाखालीही तो टिकून राहतो. आकडा ५५ ते ६० च्या दरम्यान पाहा. दुसरी निवड म्हणजे नाचणीच्या पातळ आंबिलीचा रंग, फिका मातकट गुलाबी-तपकिरी. तो कोब्याचा सख्खा भाऊ आहे, कधीच भांडणार नाही. पण रात्री त्या खोलीत सगळंच तांबूस होईल, आणि तुम्हाला फणसाची हिरवाई आवडते असं पत्रातून वाटलं. मी तुमच्या जागी असते तर वेलदोडा घेतला असता.

‘उत्तरेची खोली थंड, म्हणून गरम रंग द्या’ हा सल्ला मुलगा कुठंतरी वाचून पाठवेलच. तो सल्ला दूर उत्तरेतल्या देशांचा आहे, तिथं उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन कधीच येत नाही. बेळगाव जवळजवळ १६ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परत येतो. मे महिन्यात तुमच्या उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरत असेल, पुढे पाऊस ते झाकतो. तेव्हा दिशेच्या नियमावर फार विसंबू नका.

निवड पक्की करायची पद्धत सांगते, ती कुणालाही उपयोगी पडेल. नमुना भिंतीवर लावू नका. दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे दोन तुकडे घ्या, पांढरा प्रायमर द्या, वर निवडलेल्या रंगाचे दोन हात. दोन्ही तुकडे काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे उभे करा. रंग रंगावर उजेड फेकतो तेव्हा कोपऱ्यात तो किती गडद होतो ते त्यातच दिसतं, सपाट तुकड्यात नाही. मग हे दोन तुकडे तुमच्या समोरच्या भिंतीला, बसल्यावर नजर जाते त्या उंचीला टेकवा. जुना पिवळा झाकायला मागे पांढरी चादर लावा. पहाटे दिवा लावून, रात्री दिवा लावून आणि एकदा पावसाळी दुपारी, अशा तीन वेळा तिथं खरोखर वाचत बसा. अर्ध्या तासानं डोळे बारीक करून पान आणि बोर्ड एकदम पाहा. पान अंधारात एकटं तरंगताना दिसलं तर रंग गडद झाला. बोर्ड पानाइतकाच उजळ वाटला तर फिका झाला. दोन्ही दिसताहेत पण पान थोडं पुढे आलंय असं वाटलं की थांबा.

आता खाली सुटणारा पेंट. माझ्या मते तुमच्या खोलीत रंग कुठला यापेक्षा हे जास्त जरुरीचं आहे, कारण ते न पाहिल्यास कुठलाही रंग दोन पावसाळे टिकणार नाही. जुन्या शहापुरी घरांच्या भिंती जाड, आतून माती नाहीतर चुन्याच्या दर्जांच्या. त्या जमिनीतून ओल वर ओढतात आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतात. ऑइल पेंटनं त्यांचं तोंड बंद केलंय. आत अडकलेलं पाणी क्षार घेऊन बाहेर यायला बघतं, पेंटला फोड येतात, पापुद्रे निघतात आणि मागे पांढरा लोणा दिसतो. खात्री करायची तर दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, एवढंच.

भिंतीतून येत असेल तर प्लास्टिक इमल्शनही नको. आणि गडद हिरवा तर मुळीच नको, कारण क्षारांचे पांढरे डाग गडद भिंतीवर पाटीवरच्या खडूसारखे दिसतात. अशा भिंतीला चुनाच. चुन्यातून भिंत श्वास घेते, तो अजिबात चमकत नाही, त्यामुळे ट्यूबच्या रेघेचाही प्रश्न मिटतो, आणि त्याच्या तिखटपणामुळे बुरशीही लवकर धरत नाही. चुन्याच्या भिंतीवर रात्रीचा उजेड जसा मऊ बसतो तसा कुठल्याही महागड्या मॅट पेंटवर बसलेला मी पाहिला नाही. हा माझा पक्षपात समजा.

पण चुना ऑइल पेंटवर धरत नाही. सगळा पेंट खरवडून काढावा लागेल, आणि पेंटर नेमका इथंच कुरकुर करेल. ते काम आत्ताच करा. भिंत उघडी झाली की दसऱ्यापर्यंत तिला सुकायला वेळ मिळेल. निघालेले क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, नाहीतर ते परत आत जातील. खालचा ढासळलेला गिलावा चुना-वाळूनं दुरुस्त करायचा, सिमेंटनं नाही. सिमेंट लावलंत तर ओल त्याला वळसा घालून आणखी वर चढते. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकलेली असतील तर तीन इंच पुढे ओढा, पुस्तकांनाही हवा हवी.

चुन्यात वेलदोड्याचा रंग कसा आणायचा? पिवडी आणि चिमूटभर हिरवा ऑक्साइड. हे मातीचे आणि धातूचे रंग चुन्याच्या तिखटपणाला टिकतात. कापड रंगवायचे रंग काही दिवसांत उडून जातात, ते घेऊ नका. खडेबाजारात जुन्या दुकानात मागा, चुन्याला तिथं कुणी ‘सुण्ण’ म्हणालं तर तेच समजा. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, थोडा भिजवलेला डिंक, सगळं कापडातून गाळून. रंग किलोमागे ५० ग्रॅमपासून सुरू करा आणि १०० च्या वर नेऊ नका. जास्त रंग चुना धरून ठेवत नाही, मग भिंतीला पाठ टेकली की सदरा पिवळा होतो. सगळ्या खोलीसाठी रंग एकदाच, एकाच बादलीत कालवा. दुसऱ्या बादलीची छटा पहिलीशी कधीच जुळत नाही.

ओला चुना लावताना रंग भयंकर गडद दिसतो. घाबरून पेंटर त्यात पांढरं ओततो, आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीफटक. म्हणून आधी विटेच्या किंवा गिलाव्याच्या तुकड्यावर लावून पूर्ण सुकू द्या आणि तो सुकलेला तुकडा हातात घेऊन कंपनीच्या कार्डावरच्या ५५ ते ६० च्या छटेशी ताडून बघा. भिंत पाण्यानं ओलसर करून पातळ तीन ते चार हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. तळहातानं घासून बघा. पूड लागली तर आणखी एक हात विनारंगाच्या पातळ चुन्याचा द्या. डोळ्यांना चष्मा असतोच तुमच्या, पण पेंटरलाही लावायला सांगा. चुना डोळ्यात गेला तर इजा होते. आणि खुर्चीमागे भिंतीला एक सुती पडदी लावा, डोकं टेकतं तिथं.

ज्यांचं घर टिळकवाडीतल्या किंवा हिंदवाडीतल्या नव्या इमारतीत आहे, भिंत कोरडी आहे, त्यांना हा खटाटोप नको. मॅट इमल्शन घ्या, ‘सॅटिन’ किंवा ‘सॉफ्ट शीन’ लिहिलेलं नको. पांढऱ्या टाइल्सची जमीन रंग बिघडवत नाही आणि पांढऱ्या छतामुळे उजेड खूप परत येतो, त्यामुळे तुम्ही ४० ते ४५ पर्यंत आरामात उतरू शकता. दुकानात नमुन्याची छोटी डबी मिळते का विचारा. बाकी दिव्याची आणि बोर्डाची पद्धत तीच.

सौ.ना पांढरा हवा होता, तो खिडकीच्या आतल्या कडांना द्या. जाड भिंतीत खिडकीची खोली फूट-दीड फूट असते, ती पांढरी केली की फणसाखालून येणारा थोडका उजेड आत ढकलला जातो. दुपारी कधी वाचलंत तर त्याचा फायदा दिसेल.

आणि मुलगा. अशा जुन्या घरात भिंतीत एखादा कोनाडा हमखास असतो. तुमच्या पाठीमागच्या भिंतीत असेल तर तो बॉटल ग्रीन करा. पाठीमागचा रंग वाचताना डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे तिथं ४७ पटीचा हिशेब लागू होत नाही. खोलीत शिरताना मात्र तोच पहिला दिसतो. कोनाडा दोन फूट बाय दीड फूट असेल तर ओल नाही ना एवढं बघून मॅट इमल्शनची अगदी लहान डबी पुरेल. तेवढं काम पेंटरला देऊ नका. दिवाळीला मुलगा आला की ब्रश त्याच्या हातात द्या.